खात्यात 7,150 दिसतात पण 2,400 जात नाहीत: एका स्क्रीनशॉटचा अर्थ लावता लावता गेलेले 39 दिवस

मी अमळनेरला राहते, घरून बिबडी, कुरडई, कळण्याचं पीठ असं करून विकते, उन्हाळ्यात काम जास्त असतं आणि आखाजीच्या आधीचे पंधरा दिवस तर श्वास घ्यायलाही फुरसत नसते. आखाजी झाली 30 एप्रिलला (2025 ची गोष्ट आहे ही), आणि 2 मे ला शुक्रवारी मी पुढच्या घाण्यासाठी दादर ज्वारी घ्यायला धान्याच्या दुकानात गेले. बिल झालं 2,400. फोन काढला, बँकेच्या अ‍ॅपमधून स्कॅन केलं, पिन टाकला, आणि लाल फुली. परत केलं, परत लाल फुली. दुकानातले आप्पा म्हणे, "ताई, काय व्हयनं? सर्वर डाऊन शे का?" मलाही तेच वाटलं, म्हटलं असेल, संध्याकाळी पाठवते. आप्पा ओळखीचे, त्यांनी पोतं देऊन टाकलं.

संध्याकाळी घरी परत करून पाहिलं तरी तेच, तेव्हा मी नीट वाचलं आणि स्क्रीनशॉट काढला. त्यावर असं होतं (खात्याचे आणि रेफरन्सचे आकडे मी झाकलेत):

```
Payment Failed
Insufficient balance in your account
Response Code: Z9
UPI Ref No: 5122XXXXXXXX
```

आता गंमत म्हणा की भीती, त्याच अ‍ॅपच्या पहिल्या पानावर माझा बॅलन्स 7,150 रुपये दिसत होता. सात हजार असताना चोवीसशेला बॅलन्स अपुरा कसा? माझ्या पोटात गोळाच आला. सासूबाई विचारत होत्या, "पैसा गयात का वं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण पैसे तर समोर दिसत होते.

भाचा नाशिकला नोकरी करतो, त्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती मी सगळ्यांना सांगते, की वरचं मोठ्या अक्षरातलं वाक्य वाचून थांबायचं नाही, खालचा दोन-तीन अक्षरांचा कोड बघायचा. "मावशी, सर्वर डाऊन असतं तर Z9 आलं नसतं," म्हणे. समोरच्या किंवा आपल्या बँकेची सिस्टिम उत्तर देत नसेल तेव्हा U28 किंवा BT सारखे कोड येतात, आणि मग थोड्या वेळाने परत करून बघता येतं (पण BT मधे पैसे कापले गेलेले असू शकतात म्हणून आधी स्टेटमेंट बघून मगच). Z9 चा अर्थ एकच, तुझ्या बँकेने व्यवहार तपासला, पिन बरोबर होता, खातं चालू आहे, पण वापरता येण्यासारखे पैसे त्यात नाहीत असं तिने स्वतः उत्तर दिलं. खातं गोठवलेलं असतं तर YE आला असता, बरेच दिवस न वापरल्यामुळे बंद पडलेलं असतं तर ZX. म्हणजे दहा वेळा परत परत दाबून काही होणार नव्हतं.

"वापरता येण्यासारखे" या शब्दावरच सगळं अडलेलं होतं. त्याने मला अ‍ॅपमधे खात्याच्या नंबरवर दाबायला लावलं, आत तपशिलाचं पान उघडलं, तिथे दोन आकडे होते. लेजर बॅलन्स 7,150.00 आणि त्याच्या खाली अव्हेलेबल बॅलन्स 950.00. पहिल्या पानावर माझ्या बँकेचं अ‍ॅप लेजरवाला दाखवतं (सगळ्या बँकांचं तसं नसतं, काहींचं अव्हेलेबलच दाखवतं). लेजर म्हणजे वहीत तुमच्या नावावर किती आहेत ते, आणि अव्हेलेबल म्हणजे त्यातले आज तुम्ही हलवू शकता किती ते. 7,150 वजा 950 म्हणजे 6,200. भाचा म्हणे, "मावशी, बरोब्बर 6,200 कुणीतरी अडकवून ठेवलेत, एसएमएस शोध."

एसएमएस सापडला. 29 एप्रिलला, आखाजीच्या आदल्या दिवशी आलेला, शुभेच्छांच्या आणि ऑफरच्या ढिगात. त्यात `Lien of Rs 6200.00 marked` एवढंच आणि खात्याचे शेवटचे आकडे. हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा वाचला. बँकेत त्याला लीन म्हणतात. अर्थ असा की रक्कम तुमच्याच खात्यात आहे, कुणी काढून नेलेली नाही, पण तिच्यावर बोट ठेवलेलं आहे आणि ते बोट उचलेपर्यंत ती तुम्हाला हलवता येणार नाही. कर्जाच्या तारणासाठी लावतात, आयपीओला अर्ज केला की लावतात, आणि पोलिसांच्या सांगण्यावरून पण लावतात. माझं तारणावरचं कर्ज नाही, शेअर नाहीत. मग राहिलं काय ते समजलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

3 मे ला शनिवार होता पण महिन्यातला पहिला, म्हणून बँक उघडी (दुसरा आणि चौथा बंद असतो). काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनशॉट बघून "बॅलन्स कमी आहे" सांगितलं. मी त्याला लेजर आणि अव्हेलेबल दोन्ही दाखवले तेव्हा त्याने कॉम्प्युटरवर बघितलं आणि आतल्या मॅडमकडे पाठवलं. मॅडमने सांगितलं, "सायबर कंप्लेंटचा लीन आहे, आमच्या हेड ऑफिसने लावलाय, शाखेतून निघत नाही." मी विचारलं मी काय केलं? त्या म्हणाल्या, तुम्ही काही केलं असं कुणी म्हणत नाहीये, तुमच्याकडे आलेले पैसे चोरीचे असू शकतात.

हे जरा सविस्तर सांगते कारण मला हे कळलं तेव्हाच भीती निम्मी झाली. कुणाची ऑनलाईन फसवणूक झाली की तो 1930 ला फोन करतो किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाकतो. ती तक्रार त्याच्या बँकेला जाते. बँक बघते पैसे कुठल्या खात्यात गेले, त्या दुसऱ्या बँकेला कळवते. तिथून पैसे पुढे गेले असतील तर ती तिसऱ्या बँकेला कळवते. प्रत्येक टप्प्याला ते लेयर म्हणतात. जिथे जिथे त्या पैशाचा तुकडा पोचला तिथे तिथे तेवढी रक्कम अडकवली जाते, म्हणजे फसलेल्या माणसाला परत मिळायची शक्यता राहते. फसवणारा माणूस त्या पैशातून बिबडी घेईल, पेट्रोल भरेल, मोबाईल घेईल, आणि विकणाऱ्याच्या खात्यावर लीन लागेल. विकणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

मी मॅडमना चार गोष्टी विचारल्या, भाच्याने लिहूनच दिल्या होत्या: तक्रारीचा नंबर, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस स्टेशन, कोणत्या व्यवहारासाठी, आणि तपास अधिकाऱ्याचा सरकारी ईमेल. त्या म्हणाल्या लेखी अर्ज द्या. 5 मे ला सोमवारी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतली. हा शिक्का घ्याच. नंतर दोनदा मला "तुमचा अर्ज दिसत नाहीये" ऐकायला मिळालं आणि दोन्ही वेळा त्या शिक्क्यानेच काम झालं.

7 मे ला उत्तर आलं. 14 आकडी तक्रार नंबर, दुसऱ्या एका लांबच्या राज्यातलं सायबर पोलीस स्टेशन, विवादित रक्कम 6,200, आणि ज्या व्यवहारातून ती आली त्याचा 12 आकडी रेफरन्स नंबर, 5107 ने सुरू होणारा. तारीख दिलेली नव्हती. पण भाच्याने त्या नंबरातूनच तारीख काढली. यूपीआयच्या रेफरन्स नंबरात बहुतेक वेळा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. 5 म्हणजे 2025, आणि 107 वा दिवस. जानेवारी 31, फेब्रुवारी 28, मार्च 31 मिळून झाले 90, म्हणजे 17 एप्रिल. माझ्या पहिल्या स्क्रीनशॉटवरचा 5122 पण तसाच, 122 वा दिवस म्हणजे 2 मे. मी वही उघडली, 17 एप्रिलला एकच 6,200 ची ऑर्डर होती. पुण्याचा पत्ता, 8 किलो बिबडी 3,200, 5 किलो कुरडई 1,800, 6 किलो कळण्याचं पीठ 720 आणि कुरिअर 480.

मग स्टेटमेंटमधे ती ओळ बघितली आणि तिथे मला माझी चूक दिसली. ऑर्डर देणाऱ्याचं नाव एक होतं आणि पैसे आले होते ते भलत्याच नावाने, दुसऱ्याच बँकेतून. मुलगा आईच्या फोनवरून पैसे पाठवतो, नवरा बायकोच्या, असं रोज होतं म्हणून मी नावाकडे कधी बघतच नव्हते. दरवेळी नाव वेगळं म्हणजे चोरीच असं नाही. पण पहिल्यांदाच घेणारा, मोठी ऑर्डर, भाव न करता लगेच पैसे आणि ते तिसऱ्याच नावाने, एवढं सगळं एकत्र आलं तर आता मी ऑर्डरवाल्याला विचारते की हे कोण, आणि त्याचं उत्तर चॅटमधेच लिहून घेते.

8 मे ला ईमेल केला. विषयाच्या ओळीत तक्रारीचा 14 आकडी नंबर पहिला, मग "लीन काढण्याबाबत, रक्कम 6,200". तिकडच्या अधिकाऱ्याकडे शेकडो मेल येत असणार, त्याला नंबरावरूनच फाइल सापडते. मजकूर हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्ही मिळून एक पान. मी काय विकते, त्या तारखेला काय विकलं, पैसे कसे आले, मला फसवणुकीची माहिती नव्हती, आणि शेवटी विनंती की चौकशी करून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लीन काढायचं कळवावं. सोबत बिल, ऑर्डरचं चॅट तारखेसकट, कुरिअरची पावती आणि डिलिव्हरी झाल्याचं ट्रॅकिंग, एप्रिलचं पूर्ण स्टेटमेंट, आधार, पॅन आणि उद्यम नोंदणीचा कागद. सगळं एकाच पीडीएफमधे. तोच संच स्पीड पोस्टने पण पाठवला, 71 रुपये लागले, झेरॉक्सचे 38.

मग वाट बघणं. याच दिवसांत बचत गटाच्या कर्जाचा हप्ता बाउन्स झाला, 1,800 चा, कारण अव्हेलेबलमधे 950 च होते आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. 295 रुपये चार्ज लागला. म्हणून लीन दिसला की सगळ्यात आधी त्या खात्यातून कापले जाणारे हप्ते कुठले ते बघा आणि तेवढे पैसे वरून भरा. आणि हो, भरलेले पैसे गिळले जातील ही भीती मला होती तशी बऱ्याच जणांना असते. लीन हा ठरावीक रकमेचा असतो. माझा 6,200 चा होता आणि खात्यात 7,150 होते, म्हणजे वर आलेला प्रत्येक रुपया वापरता येत होता. खात्यात मुळात 4,000 च असते तर अव्हेलेबल उणे 2,200 दिसलं असतं आणि पुढे येणारे पहिले 2,200 त्या खड्ड्यात गेले असते, मगच मोकळे पैसे सुरू झाले असते. तुमचं असं असेल तर लीन निघेपर्यंत गिऱ्हाईकांना दुसऱ्या खात्याचा क्यूआर द्या. पूर्ण खातंच गोठवलं असेल, म्हणजे YE वाला प्रकार, तर ते जास्त कठीण आहे, तिथे आपलेच इतर पैसेही बाहेर निघत नाहीत. त्यांच्यासाठी सांगते, केरळ हायकोर्टाने 2023 मधे अशाच एका प्रकरणात विवादित रकमेपुरतंच अडकवावं, सगळं खातं नाही, असं बँकांना सांगितलेलं आहे. अर्जात निदान "फक्त विवादित रकमेवर लीन ठेवून बाकी खातं मोकळं करा" ही मागणी वेगळी लिहा.

11 मे ला एक फोन आला. मी आमच्या गृहउद्योगाच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं लिहिलं होतं, तिथूनच गेलं असेल बाहेर. तो म्हणे मी सायबर विभागातून बोलतोय, 1,500 पाठवा, उद्या लीन निघेल, आणि एक फाइल पाठवतो ती फोनमधे टाका. मी फोन ठेवला. लीन काढायला सरकारची कुठलीही फी नाही, आणि व्हाट्सअ‍ॅपवर आलेली APK फाइल फोनमधे टाकली तर उरलेले 950 पण गेले असते. अजून एक, कुणी "माझे पैसे तुमच्याकडे आले, परत पाठवा, मी तक्रार मागे घेतो" म्हणालं तरी स्वतःहून पाठवू नका. तुम्ही पाठवले तरी लीन तसाच राहतो आणि तेच पैसे तुमचे दोनदा जातात. परत द्यायचेच असतील तर अधिकाऱ्याच्या लेखी सांगण्यावरून, बँकेमार्फत.

19 मे ला त्या पोलीस स्टेशनमधून पहिलं उत्तर आलं, दोन ओळींचं, कुरिअरची डिलिव्हरी कुणी घेतली त्याची सही असलेला पुरावा पाठवा म्हणून. कुरिअरवाल्याकडून ती पावती मिळवायला दोन दिवस गेले, ते म्हणत होते आता महिना झाला, सिस्टिममधे नसेल. होती. तुमच्याही बाबतीत डिलिव्हरीचा पुरावा डिलिव्हरीच्या दिवशीच काढून ठेवा.

21 मे ला मी जळगावला जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात पण जाऊन आले, एसटीने, अर्ध्या तिकिटात. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की तक्रार दुसऱ्या राज्याची आहे, लीन आम्ही काढू शकत नाही. पण माझे कागद बघून म्हणाले, "ताई, यात बिल आहे पण बिलाचा आणि त्या पैशाचा संबंध दिसत नाही." आणि बरोबर होतं त्यांचं. त्यांनी सुचवल्याप्रमाणे मी बिलावरच हाताने यूपीआय रेफरन्स नंबर लिहिला, स्टेटमेंटमधल्या त्याच ओळीला पिवळा मार्कर लावला आणि कुरिअर पावतीवर बिल नंबर टाकला. तीन कागद एकमेकांना बोट दाखवतील असे. घरी येऊन तोच संच डिलिव्हरीच्या पुराव्यासकट परत मेल केला. मला वाटतं काम त्यानेच झालं.

मधे मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचंही मनात आणलं होतं. पण बँकेने पोलिसांच्या सांगण्यावरून केलेली कारवाई लोकपालाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तो रस्ता सोडला. बँक माहितीच देत नसती, तक्रारीचा नंबर लपवत असती तर गोष्ट वेगळी. दुसरा रस्ता कोर्टाचा, तपास अधिकारी ऐकतच नसेल तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. रक्कम लाखांत असेल तर वकील करून तो करावाच लागतो, माझ्या 6,200 साठी जाण्यायेण्याचंच भाडं जास्त झालं असतं.

5 जूनला मला एका मेलची प्रत आली, अधिकाऱ्याने माझ्या बँकेला लिहिलेलं, विक्री खरी दिसते, सदर रकमेवरचा लीन काढावा. मी ती प्रिंट घेऊन लगेच शाखेत गेले कारण हेड ऑफिसला आलेला मेल कुणी उघडेपर्यंत वाट बघायची माझी ताकद राहिली नव्हती. मॅडमनी त्यांच्याकडून तो पुढे पाठवला.

10 जूनला वटपौर्णिमा होती. वडाची पूजा करून आले, फोन बघितला तर एसएमएस, लीन काढल्याचा. अ‍ॅप उघडलं, पहिल्या पानावर न थांबता खात्याच्या नंबरवर दाबून आत गेले. लेजर आणि अव्हेलेबल, दोन्हीकडे एकच आकडा होता. एकूण खर्च धरला तर 71, 38, बाउन्सचे 295 आणि एसटीचं अर्धं तिकीट दोन्ही वेळचं. आप्पांचे 2,400 मी मे महिन्यातच रोख देऊन टाकले होते, तरी त्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन अजून एक पोतं दादर घेतलं आणि फोननेच पैसे दिले, पहिल्या झटक्यात गेले.